घर बदलताय? राउटर काढण्याआधी हे वाचा

नव्या घरीही आमचंच कनेक्शन ठेवणार असाल, तर खातं आणि प्लॅन तेच राहतात, फक्त फायबरची वायर नवी येते. सामान हलवण्याच्या निदान आठवडाभर आधी नवा पत्ता कळवा. त्या इमारतीत आमची लाइन आहे का, हे बघावं लागतं. डक्टमधून वायर ओढायला सोसायटीची परवानगी लागली, तर सेक्रेटरी भेटेपर्यंत एखादा रविवार सहज जातो.

जुन्या घरी, राउटर चालू असतानाच

मोबाइल वाय-फायवर ठेवा आणि ब्राउझरमध्ये राउटरच्या खालच्या स्टिकरवर छापलेला पत्ता टाका. बहुतेक वेळा तो 192.168.1.1 असतो. आत गेल्यावर या गोष्टींचे फोटो काढून ठेवा:

☐ वाय-फायचं नाव आणि पासवर्ड, लहान-मोठ्या अक्षरांसकट
☐ सुरक्षेचा प्रकार (बहुधा WPA2)
☐ WAN पानावरचं PPPoE युजरनेम आणि VLAN नंबर
☐ LAN पानावरचा राउटरचा पत्ता
☐ कॅमेऱ्यासाठी पोर्ट उघडले असतील, तर ते पान

PPPoE चा पासवर्ड फोटोत येत नाही, तिथे नुसते ठिपके दिसतात. तो आमच्याकडे असतो, फोन केलात की सांगतो.

आणि मागच्या बारीक भोकात पिन खुपसू नका. 'नव्या घरी नवी सुरुवात' म्हणून बरेच जण रीसेट मारतात. मग वर लिहिलेलं सगळं पुसलं जातं आणि सुरुवात खरोखरच पहिल्यापासून करावी लागते.

फायबरची वायर काढताना प्लास्टिकचा कनेक्टर धरून सरळ ओढा, वायरला हिसका देऊ नका. ही वायर ज्या आमच्या फायबरच्या डब्यात जाते, त्याच्या तोंडावर धूळ बसू नये म्हणून टोपी लावा. टोपी हरवली असेल तर चिकटपट्टीचा तुकडा लावलात तरी चालेल. ॲडॉप्टर राउटरच्याच पिशवीत ठेवा. सेट-टॉप बॉक्सचा ॲडॉप्टर दिसायला तसाच असतो, पण व्होल्ट वेगळे असले तर राउटर जळू शकतो.

नव्या घरी: दिवे काय सांगतात

LOS चा लाल दिवा लागला असेल, तर डब्यापर्यंत प्रकाशच पोचत नाहीये. वायर कुठेतरी मुडपली आहे, तुटली आहे किंवा कनेक्टर नीट बसलेला नाही. कपाटामागे वायर दुमडली गेली नाही ना, एवढं बघा आणि आम्हाला बोलवा.

LOS बंद आहे, पण PON नुसताच लुकलुकतोय? मग वायर बहुधा ठीक आहे, तुमचा डबा आमच्या नव्या लाइनवर नोंदवायचा राहिला आहे. हे काम ऑफिसातून होतं, माणूस यायची वाट बघू नका. डब्याच्या स्टिकरवरचा सीरियल नंबर फोनवर वाचून दाखवा.

घरातली यंत्रं पुन्हा जोडताना

राउटर जुनाच असेल, तर मोबाइल, टीव्ही, प्रिंटर आपोआप जोडले जातील. नवा घेतला असेल, तर त्याला जुनंच नाव, जुनाच पासवर्ड आणि WPA2 द्या, म्हणजे यंत्रांना घर बदलल्याचा पत्ताही लागत नाही. नाव बदललंत, तर स्मार्ट प्लग, बल्ब, डोअरबेल एकेक करून पुन्हा जोडत बसावं लागेल. यातली बरीच यंत्रं फक्त 2.4 गिगाहर्ट्झवर चालतात, म्हणून तो बँड बंद करू नका.

सगळ्यात जास्त फोन येतात ते सीसीटीव्हीच्या डीव्हीआरसाठी. तो वायरने जोडलेला असतो, त्यामुळे वाय-फायचं नाव जुळवून उपयोग नसतो. एका ग्राहकाकडे असंच झालं होतं. टीव्हीवर चारही कॅमेरे दिसत होते, मोबाइल ॲपवर मात्र 'ऑफलाइन'. त्यांच्या डीव्हीआरला पत्ता कायमचा नेमून दिलेला होता, 192.168.1.108, आणि बाहेर जायचा रस्ता म्हणून 192.168.1.1. नव्या राउटरचा पत्ता मात्र होता 192.168.0.1. तिसरा आकडा वेगळा, म्हणजे डीव्हीआर ज्या दारातून बाहेर पडायला बघत होता, ते दारच त्या घरात नव्हतं. डीव्हीआरचा पासवर्ड कुणाला आठवत नव्हता, म्हणून आम्ही राउटरचाच पत्ता बदलला: LAN पानावर 192.168.1.1 लिहून सेव्ह केलं, राउटर आणि डीव्हीआर बंद करून पुन्हा चालू केले. काही मिनिटांत ॲप चालू झालं.

ही युक्ती आमचा डबा ब्रिज मोडवर असेल तरच करा. डबा स्वतः 192.168.1.1 वर राउटर म्हणून चालत असेल, तर दोघांचा एकच पत्ता होऊन घरभर नेट बंद पडेल. डब्याच्या WAN पानावर Bridge लिहिलंय का, ते आधी बघा. नसेल तर आम्हाला विचारा.

जुन्या घरातली भिंतीवरची वायर कापू नका. पुढच्या भाडेकरूने कनेक्शन घेतलं, तर तीच कामाला येते.