सिझेरियननंतरचे पहिले चोवीस तास

सिझेरियन शस्त्रक्रिया बहुतेक वेळा कमरेत इंजेक्शन देऊन, म्हणजे स्पायनल भूल देऊन केली जाते. बाळंतीण शुद्धीवर असते, बाळाचे रडणे ऐकते, नातेवाइकांशी बोलते. मात्र छातीखालचा भाग पुढचे दोन ते चार तास बधिर राहतो. या काळात पोटात काही बिनसले, पाठीखाली रक्त साचले किंवा मूत्राशय तुडुंब भरले, तरी तिला ते जाणवेलच असे नाही. त्यामुळे 'मला बरे वाटते आहे' या तिच्या उत्तरावर परिचारिकेला विसंबून राहता येत नाही.

वार सुटून आल्यावर ती जिथे चिकटलेली होती तिथल्या रक्तवाहिन्यांची तोंडे उघडी पडतात. ती प्रामुख्याने गर्भाशयाच्या स्नायूंनी आवळून धरल्यामुळे बंद होतात आणि रक्त गोठण्याचे काम त्यानंतर पुरे होते. स्नायू सैल पडले की रक्तस्राव सुरू होतो, आणि प्रसूतीनंतरच्या अतिरक्तस्रावाचे सर्वांत मोठे कारण हेच आहे. म्हणून पहिल्या तासा-दोन तासांत दर पंधरा मिनिटांनी नाडी व रक्तदाब मोजताना परिचारिका टाक्यांना धक्का न लावता बेंबीजवळ हात ठेवून गर्भाशय चाचपते. ते बेंबीच्या पातळीवर किंवा जरा खाली आणि घट्ट लागले पाहिजे. हाताला मऊ, लिबलिबीत लागले किंवा सापडलेच नाही, तर ती धोक्याची सूचना समजावी.

हे प्रत्यक्षात कसे दिसते, हे एका कल्पित उदाहरणावरून पाहू. साठ किलो वजनाच्या एका बाळंतिणीचे दुसरे सिझेरियन दुपारी दोनला संपले. तीन वाजता तिची नाडी ८८ आणि वरचा रक्तदाब ११६ होता. चार वाजता नाडी १०४ झाली, रक्तदाब ११२ राहिला. साडेचारला नाडी ११८ आणि रक्तदाब १०४ भरला. रक्तदाबाच्या आकड्यात घाबरण्यासारखे काही दिसत नाही, आणि फसगत होते ती इथेच. तरुण, निरोगी स्त्रीचे शरीर रक्तवाहिन्या आकसून आणि हृदयाचा वेग वाढवून बराच काळ रक्तदाब सांभाळते; तो घसरतो तेव्हा पुष्कळ रक्त गेलेले असते. नाडीच्या आकड्याला वरच्या रक्तदाबाने भागले, तर तीन वाजता पाऊण येते आणि साडेचारला एकापेक्षा थोडे जास्त. हे उत्तर ०.९च्या वर गेले की डॉक्टरांना बोलवावे. वेदनेनेही नाडी वाढते हे खरे, पण नाडी वाढल्याचे खापर वेदनेवर फोडण्याआधी रक्तस्राव तपासलाच पाहिजे.

परिचारिकेने पॅड पाहिले तर त्यावर रक्त बेताचेच होते. तिला कुशीवर वळवल्यावर मात्र कमरेखालची चादर भिजलेली निघाली. पॅड आणि चादर वजनकाट्यावर ठेवून त्यांचे कोरे वजन वजा केले, तेव्हा ५५० ग्रॅम उरले. एक ग्रॅम म्हणजे सुमारे एक मिलिलिटर, हा हिशेब नजरेच्या अंदाजापेक्षा कितीतरी भरवशाचा असतो, कारण साचलेले रक्त डोळ्यांना नेहमी कमी वाटते. सिझेरियनमध्ये शस्त्रक्रियेच्या वेळचे आणि नंतरचे मिळून एक लिटर रक्त जाणे ही अतिरक्तस्रावाची प्रचलित मर्यादा आहे. त्यामुळे टेबलावर गेलेले रक्त या आकड्यात मिळवावे लागते.

गर्भाशय बेंबीच्या वर आणि उजवीकडे सरकलेले, शिवाय मऊ लागले. लघवीच्या पिशवीत तासाभरात जेमतेम २० मिलिलिटर जमा झाली होती. ती ताशी निदान ३० असावी. लघवी कमी होण्याची दोन कारणे असू शकतात: रक्त कमी झाल्याने मूत्रपिंडे लघवी कमी तयार करत असतील, किंवा झालेली लघवी बाहेर पडत नसेल. इथे कॅथेटरची नळी मांडीखाली दुमडली होती. ती सरळ करताच ४०० मिलिलिटर लघवी आली. भरलेले मूत्राशय गर्भाशयाला वर ढकलत होते आणि त्याला नीट आकसू देत नव्हते. डॉक्टरांना बोलावणे आधीच गेले होते. गर्भाशय चोळून घट्ट करण्यात आले, आतल्या गुठळ्या बाहेर पडल्या, गर्भाशय आवळणाऱ्या ऑक्सिटोसिनचे सलाईन आणि रक्तस्राव रोखणारे एक ग्रॅम ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड शिरेतून सुरू झाले. हे दुसरे औषध प्रसूतीनंतर तीन तासांच्या आत देणे आवश्यक असते. अर्ध्या तासात नाडी ९६वर आली.

समजा पॅड आणि चादर दोन्ही कोरडी निघाली असती आणि गर्भाशयही घट्ट असते, पण नाडी चढतच राहिली असती, तर? तेव्हा रक्त पोटाच्या आत साचत असण्याची शंका घ्यावी लागते. पोट फुगणे, खांद्यात दुखणे, चेहरा पांढरा पडणे ही त्याची चिन्हे आहेत. अशा वेळी पुन्हा पोट उघडावे लागू शकते.

गर्भाशय आवळण्यासाठी जे ऑक्सिटोसिन सलाईनमधून जाते, तेच बाळ स्तन चोखू लागले की आईच्या मेंदूतून रक्तात उतरते. पाजताना खालच्या पोटात येणारी कळ त्यामुळेच असते, हे आधी सांगितलेले बरे. आई आणि बाळ दोघेही ठीक असतील तर शस्त्रक्रियेच्या खोलीतच किंवा पहिल्या तासाभरात बाळाला आईच्या उघड्या छातीवर ठेवता येते. सलाईन लावलेले हात आणि औषधांची गुंगी यांमुळे बाळ घसरण्याचा किंवा त्याचे नाक दबण्याचा धोका असतो; म्हणून जवळ कोणीतरी सतत असावे, बाळाचे तोंड एका बाजूला वळलेले आणि नाक दिसत असावे. पुढे पाजताना बाळाचे पाय आईच्या काखेखालून मागे गेले, तर टाक्यांवर भार पडत नाही. सिझेरियननंतर दूध भरपूर उतरायला थोडा उशीर लागू शकतो. तोवरचा चीक थेंबभर असला तरी बाळाला पुरतो, आणि घरच्यांनी आणलेल्या मधाच्या बोटाची गरज नसते.

उठून चालण्याबद्दल आपल्याकडे दोन टोके दिसतात: घरचे म्हणतात टाके उसवतील, आणि वॉर्डात कधीकधी घाई होते. गरोदरपणात रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढलेली असते. त्यात पडून राहिल्याने पोटरीतला प्रवाह मंदावतो आणि शिरेत गुठळी होऊ शकते. ती फुप्फुसात गेली तर जीवघेणी ठरते. पायांत जोर आला, गुडघे वाकवता आणि पाय सरळ उचलता आला, की साधारणपणे सहा ते बारा तासांत तिला उठवता येते. आधी कुशीवर वळावे, हाताने किंवा उशीने पोट धरावे, पाय खाली सोडून काही मिनिटे बसावे आणि आधार घेऊनच उभे राहावे. उभे राहताच योनीत साचलेले रक्त एकदम बाहेर येते, तिथेच थांबले तर घाबरण्याचे कारण नसते. एकाच पोटरीत दुखणे व सूज, किंवा अचानक लागलेली धाप, यांची मात्र लगेच तपासणी व्हावी.

पहिल्या दिवशी जखमेकडे फारसे काही करायचे नसते. पट्टी कोरडी आहे ना, एवढे पाहावे. रक्ताचा डाग पसरत असेल तर पेनाने त्याची कड आखून ठेवावी. जंतुसंसर्ग उघड होतो तो बहुधा चौथ्या दिवसानंतर, म्हणजे बाळंतीण घरी गेल्यावर. पाणी प्यायल्याने टाके पिकतात हा समज निराधार आहे. मधुमेह, लठ्ठपणा आणि ओलसर घडी ही त्याची खरी कारणे. आडवा छेद पोटाच्या घडीखाली दडलेला असल्याने तो बाळंतिणीला स्वतःला दिसत नाही. म्हणून घरी जाण्याआधी तो आरशात तिला आणि सोबतच्या बाईला दाखवावा, आणि लाली पसरणे, पू, दुर्गंधी किंवा १००.४ अंश फॅरनहाइटच्या वरचा ताप दिसला तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता परत यायला सांगावे.