‘नेतृत्व चांगले’ म्हणजे नेमके काय? वर्तन-निर्देशकांची पार्श्वभूमी

सीमा रस्ते सेवेतील देव दत्त नावाच्या अभियंत्याची पदोन्नती त्यांच्या गोपनीय अहवालातील एका शब्दामुळे अडली. पदोन्नतीसाठी सलग पाच वर्षे किमान ‘अतिशय चांगला’ असा शेरा असणे आवश्यक होते आणि १९९३-९४ या एका वर्षी त्यांना ‘चांगला’ असा शेरा मिळाला होता. तो त्यांना कधी कळवण्यातही आला नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये या प्रकरणात निकाल देताना प्रत्येक शेरा संबंधित कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे असे ठरवले. न्यायालयापुढचा प्रश्न शेरा कळवण्याचा होता; परंतु कोणते वर्तन ‘चांगले’ आणि कोणते ‘अतिशय चांगले’, ही सीमा शेरा लिहिणाऱ्याच्या मनात कशी ठरते, हा त्यामागचा प्रश्न फार जुना आहे. आज कंपन्यांच्या क्षमता-आराखड्यांत, म्हणजे कॉम्पिटन्सी फ्रेमवर्कमध्ये, ‘नेतृत्व’ या शीर्षकाखाली जी वर्तन-निर्देशक वाक्ये दिसतात, ती याच प्रश्नाच्या उत्तरासाठी तयार झाली.

पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यापुढे हजारो अधिकाऱ्यांची प्रतवारी करण्याचे काम आले, तेव्हा वॉल्टर डिल स्कॉट या मानसशास्त्रज्ञाने एक साधी युक्ती काढली. गुणांकन करणाऱ्या अधिकाऱ्याने स्वतःच्या ओळखीतील पाच अधिकारी निवडायचे, नेतृत्वात सर्वांत वरचा कोण आणि सर्वांत खालचा कोण अशी त्यांची उतरंड लावायची आणि मग नवा अधिकारी त्या पाचांपैकी कोणाच्या जवळ बसतो ते पाहायचे. विशेषणांच्या जागी हाडामांसाची माणसे मोजपट्टी म्हणून आली, ही त्यातील खरी सुधारणा होती. अडचण अशी की प्रत्येकाची मोजपट्टी वेगळी होती. एकाचा सर्वोत्तम अधिकारी दुसऱ्याच्या ओळखीत मधल्या पायरीवर बसला असता, आणि ते तपासण्याचा कोणताही मार्ग नव्हता. पुढे १९२० मध्ये एडवर्ड थॉर्नडाइक यांनी लष्करी अधिकाऱ्यांच्या गुणांकनाचे तक्ते तपासले, तेव्हा शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व आणि चारित्र्य या गुणांचे आकडे एकमेकांशी संशयास्पद वाटावे इतके जुळत असल्याचे त्यांना आढळले. एकूण माणूस आवडला की त्याचे सगळेच गुण वर सरकत होते. या दोषाला त्यांनी ‘हेलो’, म्हणजे प्रभावळ, असे नाव दिले आणि ते आजतागायत टिकले आहे.

निर्णायक वळण दुसऱ्या महायुद्धात आले. वैमानिक होण्यासाठी आलेल्या आणि प्रशिक्षणातून काढून टाकलेल्या एक हजार उमेदवारांबद्दल प्रशिक्षकांनी दिलेली कारणे १९४१ मध्ये तपासली गेली. ‘उड्डाणाची उपजत क्षमता नाही’, ‘प्रगती अपुरी’ अशा ठोकळेबाज वाक्यांनी ती भरलेली होती. त्यांतून कोणाला काय शिकवावे हे कळत नव्हते आणि पुढच्या उमेदवारांत काय पाहावे हेही कळत नव्हते. अमेरिकी लष्करी हवाई दलातील वैमानिक-निवडीच्या कार्यक्रमाची धुरा वाहणारे मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅनगन यांनी प्रश्नच बदलला. १९४४ मधील युद्धभूमीवरील नेतृत्वाच्या अभ्यासात अनुभवी सैनिकांना ‘चांगला नेता कसा असतो’ असे विचारले गेले नाही. मोहीम पार पाडण्यास विशेष साहाय्यभूत ठरलेली किंवा त्या कामी अपुरी पडलेली, तुम्ही स्वतः पाहिलेली एखादी घटना सांगा, आणि त्या अधिकाऱ्याने नेमके काय केले ते सांगा, अशी ती विचारणा होती. अशा हजारो घटना गोळा झाल्या. ही पद्धत फ्लॅनगन यांनी १९५४ मध्ये सविस्तर मांडली आणि ‘निर्णायक घटना तंत्र’ म्हणून ती ओळखली जाऊ लागली. वर्तन-निर्देशक लिहिणाऱ्याचे पहिले काम तेव्हापासून हेच राहिले आहे: आधी घटना, मग वाक्य.

घटना मिळाल्या तरी दोन माणसे त्यांचा अर्थ एकसारखा लावतील याची खात्री कशी करायची, हे मात्र बाकी होते. त्याचे उत्तर १९६३ मध्ये पॅट्रिशिया केन स्मिथ आणि लॉर्न केंडॉल यांनी परिचारिकांच्या मूल्यमापनासाठी तयार केलेल्या पद्धतीत सापडते. या संपूर्ण इतिहासातील सर्वांत मोलाची पायरी माझ्या मते हीच आहे. भाषांतर तपासण्यासाठी मजकूर परक्या भाषेतून पुन्हा मूळ भाषेत आणून पाहतात, त्या रीतीवरून त्यांनी तिला पुनर्भाषांतर म्हटले. एका गटातील मुख्य परिचारिकांनी गुण ठरवायचे आणि प्रत्येक गुणासाठी वर्तनाची उदाहरणे द्यायची. मग ती उदाहरणे सरमिसळ करून, कोणते कोणत्या गुणासाठी लिहिले होते हे न सांगता, दुसऱ्या गटापुढे ठेवायची. ज्या उदाहरणाला बहुतेकांनी मूळच्याच गुणाखाली टाकले तेवढेच टिकते. टिकलेल्या प्रत्येक उदाहरणाला निरनिराळे लोक गुण देतात, आणि ज्याच्या गुणांत फार तफावत पडते तेही गळते. उरलेली वाक्ये आपापल्या सरासरीनुसार मोजपट्टीवर बसतात.

ही पायरी प्रत्यक्षात काय करते हे एका कल्पित उदाहरणावरून पाहता येईल. समजा, एका कारखान्यात पाळीप्रमुखांच्या नेतृत्वासाठी निर्देशक लिहायचे आहेत आणि ‘सहकाऱ्यांना घडवणे’ हा त्यातील एक गुण आहे. एका गटाने त्यासाठी तीन घटना दिल्या. पहिली अशी की नव्या ऑपरेटरचे माप दोनदा चुकल्यावर पाळीप्रमुखाने स्वतः यंत्राची जुळणी न करता त्याच्याकडूनच ती करून घेतली आणि तिसऱ्या नगानंतर माप पुन्हा तपासले. दुसरीत कामगाराच्या चुकीचा ठपका पाळीप्रमुखाने वरिष्ठांच्या बैठकीत स्वतःवर घेतला. तिसरीत मागणी मोठी आल्यावर तो रात्री उशिरापर्यंत थांबला आणि संघातील कमी पडलेल्या माणसांचे काम त्याने स्वतः उरकले. या घटना वीस व्यवस्थापकांच्या दुसऱ्या गटाकडे गेल्या. पहिली घटना सतरा जणांनी ‘सहकाऱ्यांना घडवणे’ या गुणाखाली टाकली, म्हणजे ८५ टक्के एकमत झाले. असे एकमत साधारणपणे ६० ते ८० टक्क्यांच्या पुढे असावे अशी अपेक्षा ठेवली जाते, त्यामुळे ती टिकली. दुसरी घटना नऊ जणांनी ‘सहकाऱ्यांना घडवणे’, आठ जणांनी ‘सचोटी’ आणि तिघांनी ‘संघबांधणी’ या गुणाखाली टाकली. घटना उत्तम आहे, ऐकणाऱ्याला भावतेही, तरी ती कोणत्या गुणाचा पुरावा आहे यावर एकमत नसल्याने ती मोजपट्टीवर घेता येत नाही.

तिसरी घटना सर्वांत बोधक आहे. समजा, ती बहुतेकांनी ‘सहकाऱ्यांना घडवणे’ याच गुणाखाली टाकली. सातपैकी गुण देताना मात्र दहा जणांनी झोकून देणारा पाळीप्रमुख म्हणून तिला ६ गुण दिले, आणि दुसऱ्या दहा जणांनी संघाला शिकू न देता काम ओढून घेणारा म्हणून २ गुण दिले. सरासरी ४ येते. केवळ सरासरी पाहणारा हे ‘मध्यम’ वर्तन आहे असे समजून मोजपट्टीच्या मध्यावर लिहून मोकळा होईल, जेव्हा खोलीतील एकाही माणसाने ४ गुण दिलेले नाहीत. गुणांचा पसारा दाखवणारे प्रमाण विचलन येथे २ येते. सात पायऱ्यांच्या मोजपट्टीवर ते साधारण दीडच्या आत असावे असा प्रघात आहे. वाक्य गळते, आणि त्यासोबत आणखी एक गोष्ट उघड होते: या कारखान्यात ‘नेतृत्व’ या शब्दाखाली दोन परस्परविरोधी अपेक्षा नांदत आहेत. ते भांडण निर्देशकाच्या शब्दरचनेने मिटणारे नाही, कारखान्याच्या प्रमुखांनी बसून ते आधी मिटवावे लागते. मनुष्यबळ विभागातल्या माणसाने या टप्प्यावर गळालेल्या वाक्यांचा गठ्ठा टाकून देऊ नये, इतका तो उपयोगी असतो.

‘कॉम्पिटन्सी’ हा शब्द या क्षेत्रात रुळला तो पुढच्या दशकात. डेव्हिड मॅक्लेलंड यांनी १९७३ मध्ये बुद्ध्यंकाच्या चाचण्यांऐवजी क्षमतांची चाचणी घ्यावी असा लेख लिहिला आणि अमेरिकी परराष्ट्र सेवेतील माहिती अधिकाऱ्यांसाठी काम करताना फ्लॅनगन यांच्या तंत्रालाच मुलाखतीचे रूप दिले. असामान्य कामगिरी करणारे आणि सर्वसाधारण कामगिरी करणारे अशा दोन गटांना त्यांच्या कामातील प्रसंग विचारायचे आणि पहिल्या गटात वारंवार दिसणारे, दुसऱ्यात न दिसणारे वर्तन वेगळे काढायचे, अशी ती रीत होती. अशा अनेक अभ्यासांतून पुढे क्षमतांचे तयार कोश निघाले, आणि येथेच एक गफलत शिरली. कोशातील वाक्ये उचलणे सोपे असल्याने आराखडे भराभर तयार होऊ लागले, पण एकीकडची वाक्ये दुसऱ्या ठिकाणच्या माणसांकडून पुन्हा वर्गीकृत करून पाहण्याची पायरी मागे पडली. ‘संघाला प्रेरित करतो’, ‘प्रभावीपणे संवाद साधतो’, ‘ओनरशिप घेतो’ ही वाक्ये क्रियापदाने संपतात म्हणून वर्तन वाटतात. प्रत्यक्षात ती क्रियापदाचा पोशाख घातलेली विशेषणे आहेत. ओळखण्याची खूण अशी की वाक्य वाचल्यावर ‘म्हणजे त्याने काय केले?’ हा प्रश्न उरतो. पाच पातळ्यांत ‘क्वचित’, ‘कधीकधी’, ‘नेहमी’ असे शब्द बदलून एकच वाक्य पाच वेळा लिहिलेले दिसले, तर त्यामागे घटना गोळा झालेल्या नाहीत असे खुशाल समजावे.

निर्देशक नीट लिहिले तरी त्यांची एक मर्यादा उरते, आणि ती मान्य करण्यास संशोधकांनाही वेळ लागला. मोजपट्टीच्या निरनिराळ्या रचनांची तुलना करणारे कितीतरी अभ्यास झाल्यावर १९८० मध्ये फ्रँक लँडी आणि जेम्स फार यांनी त्यांचा आढावा घेतला आणि रचना बदलून गुणांकनात पडणारा फरक फार थोडा असल्याने हे संशोधन आता थांबवावे असे सुचवले. पुढे २००० मध्ये ४,४९२ व्यवस्थापकांच्या गुणांकनाचे विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यात प्रत्येकाला दोन वरिष्ठ, दोन सहकारी आणि दोन कनिष्ठांनी गुण दिलेले होते, आणि गुणांतील निम्म्याहून अधिक फरक गुण देणाऱ्याच्या स्वतःच्या धाटणीमुळे पडत असल्याचे आढळले. कागदावरचे वाक्य एकच असले तरी ते वाचणाऱ्याच्या मनातील पट्टी वेगळी राहते, असा त्याचा सरळ अर्थ आहे.

ती पट्टी जुळवण्याचे आधीचे प्रयत्न उलटले होते. ‘सरसकट चांगले गुण देऊ नका’, ‘एका गुणाचा प्रभाव दुसऱ्यावर पडू देऊ नका’ असे शिकवल्यावर मूल्यमापन करणाऱ्यांचे गुण पसरले खरे, पण त्यांची अचूकता घटली, असे १९८० च्या एका प्रयोगात दिसले. चुका टाळण्याच्या नादात लोक वर्तन पाहण्याऐवजी आकडे पसरवू लागले होते. त्यानंतर जॉन बर्नार्डिन आणि रोनाल्ड बकली यांनी १९८१ मध्ये सुचवलेली रीत वेगळी आहे. व्यवस्थापकांना एकाच कर्मचाऱ्याच्या वर्तनाचे नमुने दाखवायचे, प्रत्येकाने स्वतंत्रपणे गुण द्यायचे, मग ते जाणकारांनी एकमताने ठरवलेल्या गुणांशी ताडून पाहायचे आणि जिथे फरक पडला तिथे कोणते वर्तन धरले व कोणते सुटले यावर बोलायचे. अचूकता वाढवण्यात हीच रीत सर्वांत उजवी ठरली. वरच्या कारखान्यात पुनर्भाषांतरातून टिकलेल्या घटनाच या सरावासाठी नमुने म्हणून वापरता येतात.

देव दत्त निकालानंतर २००९ मध्ये केंद्र सरकारने गोपनीय अहवालाच्या जागी कर्मचाऱ्याला पूर्ण दाखवला जाणारा वार्षिक कामगिरी मूल्यमापन अहवाल आणला आणि शेऱ्यांऐवजी १ ते १० अशी अंकांची श्रेणी दिली. त्याच्या सूचनांनुसार १, २, ९ किंवा १० अंक देणाऱ्याला त्याच्या समर्थनार्थ विशिष्ट अपयश किंवा विशिष्ट कामगिरी लिहावी लागते. ३ ते ८ या अंकांसाठी तसे बंधन नाही.