मुक्त अप्रत्यक्ष निवेदन

कथा-कादंबरीतील तृतीयपुरुषी निवेदनाची एक पद्धती. पात्राचा विचार किंवा उद्गार तिच्यात ‘तो म्हणाला’, ‘तिला वाटले’ यांसारख्या सूचनेशिवाय आणि अवतरणचिन्हांशिवाय थेट निवेदनाच्या ओघात येतो. पुरुष आणि बहुधा काळही निवेदकाचा राहतो, शब्दकळा व सूर मात्र पात्राचा असतो. त्यामुळे एखादे वाक्य नेमके कोणाचे, हे व्याकरणावरून नेहमी ठरवता येत नाही.

‘मुक्त अप्रत्यक्ष शैली’ या अर्थाची फ्रेंच संज्ञा जिनिव्हाचे भाषाशास्त्रज्ञ शार्ल बाली यांनी १९१२ मध्ये रूढ केली. बर्लिनमधील स्विस अभ्यासक आडोल्फ टोब्लर यांनी मात्र १८८७ च्या सुमारासच या रचनेची नोंद प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष कथनाचे मिश्रण अशी केली होती. जर्मन अभ्यासक कालेप्की यांनी १८९९ मध्ये तिला ‘झाकलेले कथन’ म्हटले, तर त्यांचेच देशबांधव लोर्क यांनी १९२१ मध्ये ‘अनुभवलेले कथन’ हे नाव पुढे केले. नावांच्या या वादामागे खरा प्रश्न होता तो हा प्रकार व्याकरणाचा की कल्पनाशक्तीचा, हा. बाली तो भाषिक रूपात शोधत होते आणि जर्मन टीकाकारांचा भर लेखकाने पात्राच्या अनुभवात शिरण्यावर होता. उगमाबद्दलही एकमत नाही. फ्रेंच कवी ला फोंतेनच्या सतराव्या शतकातील पद्यकथांत त्याची उदाहरणे दाखवली जातात. कादंबरीत त्याचा सातत्यपूर्ण वापर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, विशेषतः जेन ऑस्टिनच्या लेखनात दिसतो, असे साधारणपणे मानले जाते.

या पद्धतीने निर्माण होणारा संभ्रम प्रत्यक्ष न्यायालयात पोहोचल्याचे उदाहरण फ्रेंच कादंबरीकार फ्लोबेरच्या ‘मादाम बोव्हारी’चे आहे. ही कादंबरी १८५६ च्या अखेरीस नियतकालिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली आणि पुढच्या वर्षाच्या आरंभी तिच्यावर नीतिभ्रष्टतेचा खटला भरला गेला. सरकारी वकील पिनार यांनी वाचून दाखवलेल्या उताऱ्यांपैकी एकात विवाहबाह्य संबंधाच्या पहिल्या दिवसानंतर नायिका एमा आरशात स्वतःला पाहते. ‘मला प्रियकर आहे’ हे तिचे शब्द अवतरणात आहेत. पण त्यानंतर लगेच, प्रेमाची ती सुखे अखेर तिला लाभणार होती आणि जिथे सारेच उत्कट असेल अशा कशात तरी ती प्रवेश करत होती, या आशयाची वाक्ये अवतरणाविना येतात. फ्रेंचमध्ये ती अपूर्ण भूतकाळात आहेत, आणि तो काळ सामान्य वर्णनातही वापरला जातो. पिनार यांना हा व्यभिचाराचा गौरव वाटला. जर्मन साहित्यमीमांसक हान्स रोबेर्ट याउस यांच्या विवेचनानुसार सरकारी पक्षाने पात्राचे मत लेखकाचे समजून वाचले. ‘अखेर’ या शब्दातली अधीरता एमाची आहे, हे ध्यानात घेतले की वाक्याचा रंग बदलतो. न्यायालयाने ७ फेब्रुवारी १८५७ रोजी फ्लोबेरला निर्दोष सोडले, मात्र कादंबरीवर ताशेरेही ओढले.

मराठीत या पद्धतीची चिन्हे वेगळी आहेत. इंग्रजीत अप्रत्यक्ष कथन करताना सहसा क्रियापदाचा काळ मागे सरकतो. मराठीत ‘की’नंतर मूळ काळ टिकतो, कित्येकदा ‘मी’देखील टिकतो. त्यामुळे केवळ काळावरून फारसे कळत नाही. पुढील रचलेला उतारा पाहावा :

‘वसुधाने पत्राची घडी घालून डब्यात ठेवली. ती उद्याच निघणार होती. इथे आता कोणासाठी राहायचं? आपलं म्हणावं असं उरलं होतं तरी काय! तिने कंदील बारीक केला.’

पहिले आणि शेवटचे वाक्य निवेदकाचे आहे. दुसऱ्यात ‘ती’ आणि ‘होती’ निवेदकाची, पण ‘उद्याच’ वसुधाच्या दिवसापासून मोजलेले. तटस्थ निवेदकाने ‘दुसऱ्याच दिवशी’ म्हटले असते. तिसऱ्या वाक्यात ‘इथे’ हे तिचे घर, आणि ‘राहायचं’वरील अनुस्वार हा बोलीचा. निवेदनासाठी ‘राहायचे’ आणि संवादासाठी ‘राहायचं’ ही छापील मराठीतील जुनी वाटणी येथे आपोआप खूण म्हणून उपयोगी पडते. निवेदनच बोलभाषेत असेल तर ही खूण नाहीशी होते. मुद्रितशोधकाने लेखनात एकरूपता आणण्यासाठी तेथे ‘राहायचे’ केले, तर वसुधाचा आवाज निम्म्याने बुजतो. चौथ्यातील ‘आपलं’ तर अधिकच संदिग्ध आहे : तो स्वतःचा निर्देश असू शकतो किंवा वाचकालाही सामावून घेणारे सर्वनाम. उताऱ्यात ‘मी’ आला असता, तर तो या पद्धतीतून निसटून अंतर्गत स्वगत झाला असता.

अभ्यासक ॲन बॅनफील्ड यांनी १९८२ मध्ये असे प्रतिपादन केले की अशी वाक्ये कोणी ‘बोलत’ नाही, त्यांत निवेदकच नसतो. त्याआधी समीक्षक रॉय पास्कल यांनी १९७७ मध्ये त्यांत दोन आवाज एकत्र ऐकू येतात, असे म्हटले होते. बॅनफील्ड यांची मांडणी व्याकरणदृष्ट्या काटेकोर आहे. तथापि एमाच्या उताऱ्यातील उपरोध समजून घेण्यास पास्कल यांची भूमिका अधिक उपयोगी पडते, कारण उपरोधासाठी पात्राहून अधिक जाणणारे दुसरे कोणी तरी लागते.