पोस्टची वेळ ठरवणं (छोटं यूट्यूब चॅनल)

आपले प्रेक्षक कधी ऑनलाइन असतात याचा डेटा बघून व्हिडिओचा वार आणि तास ठरवायची ही पद्धत. इथे हजार-दोन हजार सबस्क्रायबरवाल्या यूट्यूब चॅनलपुरतंच बघू, कारण मोठ्या चॅनलला एक तास इकडेतिकडे झाला तरी फारसं बिघडत नाही, पण छोट्या चॅनलला पहिल्या दिवशी मिळणारे दोनशे-तीनशे व्ह्यूज हे बहुतेक जुन्याच प्रेक्षकांचे असतात आणि ते वेळेवर बऱ्यापैकी अवलंबून असतात.

यूट्यूब स्टुडिओत Analytics मध्ये Audience टॅबवर When your viewers are on YouTube नावाचा जांभळा तक्ता असतो. आडवे सात वार, उभे तास, आणि जिथे रंग गडद तिथे प्रेक्षक जास्त. तो मागच्या २८ दिवसांचा असतो आणि वेळ तुमच्याच घड्याळाची दाखवतो. चॅनल फारच नवीन असेल तर तक्ता रिकामाच दिसतो, मग थांबण्याशिवाय इलाज नाही. आता लोक चुकतात कुठे, तर हा तक्ता तुमचे प्रेक्षक यूट्यूबवर कधी होते एवढंच सांगतो, ते तुमचा व्हिडिओ बघायच्या मूडमध्ये होते का हे नाही सांगत. रात्री नऊला गडद पट्टा दिसला तरी त्या वेळी लोक जेवता जेवता मालिका किंवा गाणी बघत असतील, आणि रेसिपी बघणारी बाई उद्याच्या डब्याचा विचार संध्याकाळी पाचलाच करत असेल. तक्त्यात आकडेही नसतात, फक्त कमी-जास्त कळतं.

याहून मोठा घोळ तासातासाच्या व्ह्यूजच्या आलेखात होतो. रियलटाइममध्ये मागच्या ४८ तासांचे व्ह्यूज दिसतात. तुम्ही कायम संध्याकाळी सातला पोस्ट करत असाल तर आठला उंच टोक येणारच, ते टोक तुमच्या पोस्टनेच तयार झालेलं असतं, आणि ते बघून ‘आपली वेळ आठची’ असं ठरवलं की आपण आपलीच सावली मोजत बसतो. त्यामुळे हा आलेख ज्या दिवसांत काहीच पोस्ट केलेलं नाही तेव्हा बघायचा, म्हणजे आधीच्या पोस्टला तीनेक दिवस झाल्यावर. त्यात जे चढउतार दिसतील ते पोस्टच्या धक्क्याशिवायचे, प्रेक्षकांच्या सवयीच्या जास्त जवळचे.

मग खरी परीक्षा. समजा सांगलीचं एक रेसिपी चॅनल आहे, दर शनिवारी एक व्हिडिओ. वार तोच ठेवायचा, फक्त वेळ बदलायची, एक शनिवार सकाळी अकरा, पुढचा संध्याकाळी सहा, असे आठ आठवडे. प्रत्येकाचे पहिल्या २४ तासांचे व्ह्यूज वहीत लिहायचे. समजा सकाळचे आले २१०, १९०, २४०, ११०० आणि संध्याकाळचे २६०, ३१०, २८०, २३०. सरासरी काढली तर सकाळ ४३५ आणि संध्याकाळ २७०, म्हणजे सकाळ जिंकली असं वाटतं. पण ११०० वाला व्हिडिओ संक्रांतीच्या दोन दिवस आधीचा तिळगुळाचा होता, तो सर्चमधून चालला, अकरा वाजल्यामुळे नाही. सगळ्यांच्या सरासरीऐवजी आकडे चढत्या क्रमाने लावून फक्त मधल्या दोन आकड्यांची सरासरी घेतली की सकाळ २२५, संध्याकाळ २७०, चित्र उलटं झालं. तरी चार-चार व्हिडिओंवर एवढासा फरक म्हणजे पक्का निकाल नाही, अजून आठ आठवडे चालू ठेवायचं. आणि सणाचे व्हिडिओ या हिशोबातून बाहेरच काढायचे, त्यांची वेळ सणच ठरवतो, एकादशीच्या उपवासाचा पदार्थ एकादशीच्या रात्री टाकून काय उपयोग?

व्हिडिओ नेमका गडद तासाला टाकायचा नाही, एक-दोन तास आधी टाकायचा. अपलोड तर त्याच्याही बराच आधी करून शेड्यूल करायचं, कारण एचडी तयार व्हायला वेळ लागतो आणि तोवर पहिल्या प्रेक्षकांना धुरकट चित्र दिसतं.

सर्चवर चालणाऱ्या व्हिडिओंना, म्हणजे ‘बिरडं कसं करायचं’ टाइपच्या, या सगळ्याचा फरक जवळपास पडत नाही, ते वर्षभर थोडे थोडे बघितले जातात. व्हिडिओच्या ट्रॅफिक सोर्समध्ये सर्च जास्त दिसत असेल तर वेळेच्या मागे लागूच नका, तेवढा वेळ टायटलवर घालवा.

परदेशातल्या मराठी प्रेक्षकांचं मात्र बघावं लागतं. आपल्याकडे रात्रीचे आठ म्हणजे दुबईत साडेसहा, पण न्यू जर्सीत सकाळचे, उन्हाळ्यात साडेदहा आणि हिवाळ्यात साडेनऊ. तक्त्यात पहाटे चार-पाचला विचित्र गडद पट्टा दिसला तर तो बहुतेक तिकडच्या संध्याकाळचा असतो, देशांची यादी उघडून खात्री करायची. आणि २८ दिवसांचीच खिडकी असल्यामुळे मे महिन्याच्या सुट्टीत बघितलेला तक्ता जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर परत बघायचा, दुपारचा पट्टा बऱ्याचदा फिका पडलेला असतो.