‘ईसीजी नॉर्मल’ म्हणजे नेमकं काय नॉर्मल?

इंदूरच्या रामबागेत राहणाऱ्या अठ्ठावन्न वर्षांच्या एका गृहस्थांचं उदाहरण घेऊ. सकाळी राजवाड्याकडे भरभर चालताना त्यांची छाती आवळल्यासारखी होते, दोन मिनिटं थांबलं की बरं वाटतं. ते दवाखान्यात जातात, पलंगावर आडवे होतात, ईसीजी निघतो आणि त्यावर ‘नॉर्मल’ लिहिलेलं असतं. घरचे म्हणतात, “अहो, गॅस असेल.”

ईसीजीत हृदयाची रक्तवाहिनी दिसतच नाही. हृदयाच्या स्नायूंतून प्रत्येक ठोक्याला विजेची लाट जाते. हातापायांवरचे ४ आणि छातीवरचे ६ इलेक्ट्रोड ती टिपतात. कागद सेकंदाला २५ मिलिमीटर सरकतो आणि एकूण नोंद असते साधारण १० सेकंदांची, म्हणजे जेमतेम डझनभर ठोके. वाहिनी ७० टक्के अरुंद झालेली असली, तरी आडवं पडलेल्या माणसाच्या हृदयाला तेवढ्या रक्तावर भागवता येतं. स्नायू उपाशी नसेल तर वीजही बिघडत नाही. म्हणून चालताना येणाऱ्या दुखण्यासाठी डॉक्टर ट्रेडमिलवर चालवून ईसीजी काढतात किंवा रक्तवाहिन्यांचं चित्र दाखवणारी सीटी अँजिओग्राफी सांगतात. ट्रेडमिलही कधीकधी चुकते, हे धरूनच चालावं.

आता समजा, याच गृहस्थांच्या छातीत रात्री बसल्याजागी वीस मिनिटं दुखलं, घाम सुटला. या वेळी ईसीजीत छातीच्या पुढच्या तीन जागांवर, व्ही-१ ते व्ही-३ मध्ये, रेघ खाली गेलेली दिसते. घाईत ‘रक्तपुरवठा थोडा कमी’ असा अर्थ काढून गोळ्या देऊन घरी पाठवलं जाण्याचा धोका इथेच असतो. हृदयाच्या मागच्या भिंतीला रक्त देणारी वाहिनी पूर्ण बंद झाली, तर नेहमीच्या सहा जागांपैकी एकही त्या भिंतीसमोर नसते. पुढच्या जागांना तो हृदयविकाराचा झटका उलटा दिसतो. तिकडे वर गेलेली रेघ इकडे खाली.

याचा एक जुना, साधा पडताळा आहे. कागद वरचा खाली उलटवून त्याची पाठ आपल्याकडे करायची आणि दिव्यासमोर धरायचा. खाली गेलेली रेघ वर आलेली दिसते, नेहमीच्या झटक्यासारखी. खात्रीसाठी इलेक्ट्रोड पाठीवर, डाव्या खांद्याच्या पात्याच्या टोकाखाली आणि त्याच्या दोन्ही बाजूंना, छातीवरच्या सहाव्या जागेच्या, व्ही-६ च्याच पातळीत लावतात. तिथे अर्धा मिलिमीटर चढसुद्धा पुरेसा मानला जातो. एरवी पुढच्या भिंतीच्या झटक्यासाठी याहून जास्त चढ लागतो.

दुखत असताना काढलेला पहिला ईसीजी अगदी स्वच्छ असला, तरी दुखणं थांबलं नाही तर तो पंधरा ते तीस मिनिटांनी परत काढतात आणि रक्तात ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली की वाढणारं प्रथिन, दोनदा, काही तासांच्या अंतराने तपासतात. जुना ईसीजी घरी असेल तर तो सोबत न्यावा. एखादी रेघ पूर्वीपासूनच तशी आहे की आजच बदलली, हे त्याच्याशी ताडूनच कळतं.