एसीत बर्फ: गॅस कमी की हवा कमी?

एसीच्या आतल्या कॉइलवर बर्फ धरला की बहुतेकांचं एकच म्हणणं असतं, 'गॅस संपला.' पण फिल्टर तुंबला तरी बर्फ धरतोच, आणि गेजवरचा दाब दोन्ही वेळा कमीच दिसतो. इथेच फसगत होते.

गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही, नुसता फिरत राहतो. आतल्या कॉइलमध्ये तो द्रवरूपात शिरतो आणि खोलीची उष्णता घेऊन उकळतो. ती वाफ कॉम्प्रेसर दाबतो. दाब वाढला की तिचा उत्कलनबिंदूही चढतो, पन्नास अंशांच्या आसपास जातो. म्हणून मे महिन्यात ठाण्याची हवा ३५ अंश असली तरी बाहेरच्या कॉइलमध्ये वाफ आपली उष्णता त्या हवेला देऊन पुन्हा द्रव होते. आउटडोअरसमोरचा गरम झोत म्हणजे तुमच्या खोलीतली उष्णता, वर कॉम्प्रेसरला लागलेली वीज.

आतल्या कॉइलमध्ये गॅस किती अंशांना उकळणार, हे तिथला दाब ठरवतो. आर-३२ गॅस १३० पीएसआयला साधारण सहा-सात अंशांना उकळतो, ८५ला उणे पाच अंशांना. शून्याखाली गेला की हवेतलं बाष्प कॉइलवर गोठणारच.

आता फरक बघा. गॅस गळून कमी झाला असेल, तर थोडासा द्रव कॉइलच्या सुरुवातीलाच उकळून जातो. बर्फ तेवढ्याच भागावर आणि बाहेरच्या बारीक पाइपाच्या नटावर दिसतो, उरलेली कॉइल कोरडी राहते. फिल्टर तुंबला असेल, तर गॅस पुरेसा असतो, पण त्याला उकळवायला लागणारी उष्णता हवेतून येत नाही. मग अख्खी कॉइल पांढरी होते, पुढे जाड पाइपावरही बर्फ चढतो. हे जास्त धोक्याचं, कारण न उकळलेला द्रव कॉम्प्रेसरपर्यंत पोचतो आणि कॉम्प्रेसर वाफ दाबण्यासाठी असतो, द्रव नव्हे.

घोडबंदर रोडला एका काकूंकडे जुना नॉन-इन्व्हर्टर एसी होता. गेजवर ८५ आणि जाड पाइपावर बर्फ. आधी आलेल्या माणसानं गॅस भरायला सांगितलं होतं. मी फिल्टर काढला, तर बाहेरच्या बांधकामाच्या धुळीची गोधडीच हातात आली. "काकू, आधी नुसता फॅन तासभर चालू द्या," म्हटलं. बर्फ वितळला, फिल्टर धुऊन बसवला, कूलिंग लावलं, वीस मिनिटांनी गेज १३०वर.

त्याच अवस्थेत गॅस भरला असता, तर फिल्टर धुतल्यावर तो जादा झाला असता आणि बाहेरच्या कॉइलमधला दाब विनाकारण चढला असता. धुऊनही गेज ८५वरच राहिलं असतं, तर गळतीचा संशय. मग आधी साबणाच्या फेसानं जोड तपासायचे, गळती सापडली की ती बंद करायची, व्हॅक्यूम काढायचा आणि पाटीवर लिहिलेल्या वजनाइतकाच गॅस काट्यावर मोजून भरायचा.