पुनर्मूल्यांकन आणि सत्र गुणसरासरी

लेखी परीक्षेची उत्तरपत्रिका दुसऱ्या परीक्षकाकडून नव्याने तपासून घेणे म्हणजे पुनर्मूल्यांकन. गुणपडताळणीत केवळ बेरीज आणि न तपासलेली उत्तरे पाहिली जातात, म्हणून ती यापासून वेगळी धरावी. पुनर्मूल्यांकनातून एका विषयात वाढलेल्या थोड्या गुणांचा त्या सत्राच्या एकूण निकालावर होणारा परिणाम निकालपद्धतीवर अवलंबून असतो. बेरजेच्या जुन्या पद्धतीत तो वाढीच्या प्रमाणात असतो, तर श्रेयांक-श्रेणी पद्धतीत तो पायऱ्यांनी बदलतो.

शंभर गुणांच्या सहा विषयांचे सत्र असेल, तर एकूण गुण ६०० होतात. अशा वेळी एका विषयात ३ गुण वाढले, तर टक्केवारी अर्ध्या टक्क्याने वाढते, मग ते गुण ४१ चे ४४ झालेले असोत की ८१ चे ८४. येथे याहून अधिक सांगण्यासारखे नाही.

श्रेणी पद्धतीत मात्र गुणांचे आधी श्रेणीबिंदूंत रूपांतर होते. भारतातील विद्यापीठांत विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, साधारणतः २०१५ च्या सुमारापासून, दहा बिंदूंची श्रेणी रूढ होत गेली. तीत सर्वोच्च श्रेणीला १०, केवळ उत्तीर्णाला ४ आणि अनुत्तीर्णाला ० बिंदू मिळतात. कोणत्या गुणांना कोणती श्रेणी द्यायची, हे मात्र विद्यापीठपरत्वे बदलते. प्रत्येक विषयाचे श्रेयांक, म्हणजे त्या विषयाला दिलेला भार, आणि श्रेणीबिंदू यांचा गुणाकार करून त्या गुणाकारांच्या बेरजेला एकूण श्रेयांकांनी भागले, की सत्राची गुणसरासरी, म्हणजे एसजीपीए, मिळते.

उदाहरणार्थ, सहा विषयांचे श्रेयांक ४, ४, ४, ४, २, २ असे एकूण २० आहेत आणि श्रेणीबिंदू अनुक्रमे ८, ७, ६, ७, ९, ८ आहेत असे मानू. गुणाकारांची बेरीज १४६ आणि एसजीपीए ७.३० येतो. तिसऱ्या विषयात ५८ गुण होते व ६० पासून ७ बिंदूंची श्रेणी सुरू होते, असे धरल्यास पुनर्मूल्यांकनात गुण ६१ होताच बेरीज १५० आणि एसजीपीए ७.५० होतो. हेच ३ गुण ६२ वरून ६५ वर नेणारे असते, तर एसजीपीए तसूभरही हलला नसता. ज्या विषयाचे श्रेयांक २ आहेत, त्यात श्रेणी एका बिंदूने वाढली असती, तर वाढ ०.१० इतकीच झाली असती. म्हणून अर्ज करण्यापूर्वी पाहण्याजोगी गोष्ट ‘किती गुण वाढतील’ ही नव्हे, तर पुढची श्रेणी किती गुणांवर आहे आणि विषयाचे श्रेयांक किती, ही होय. अंतर्गत मूल्यमापनाचे गुण पुनर्मूल्यांकनात सहसा बदलत नाहीत, हेही येथे ध्यानात घ्यावे.

सर्वांत मोठी उडी अनुत्तीर्णाची उत्तीर्ण होताना दिसते, कारण तेथे बिंदू ० वरून थेट ४ होतात. चार श्रेयांकांच्या विषयात वरील सत्रात त्याने ०.८० फरक पडतो. येथे एक अडचण आहे. मूळ निकालात उत्तीर्ण करण्यासाठी ३७ गुणांना ३ कृपांक देऊन ४० केले असतील आणि पुनर्मूल्यांकनात मूळ गुण ३७ चे ३९ झाले, तर कृपांक बहुधा एकापुरते आटोपतात व बेरीज ४० च राहते. वाढलेले दोन गुण विद्यार्थ्याला दिसतात, सरासरीला दिसत नाहीत.

वादाचा मुद्दा आहे तो पूर्णांकनाचा. वरील सत्र सहावे असून आधीच्या पाच सत्रांच्या १०० श्रेयांकांचे गुणाकार ७२३ आहेत असे धरू. एकत्रित सरासरी पुनर्मूल्यांकनापूर्वी ८६९ भागिले १२०, म्हणजे ७.२४१..., आणि नंतर ८७३ भागिले १२०, म्हणजे ७.२७५ येते. दोन दशांश स्थळांपर्यंत जवळच्या अंकाला नेल्यास ती ७.२४ वरून ७.२८ होते, तिसरा अंक छाटून टाकल्यास ७.२७ वर थांबते. खरी वाढ दोन्हीकडे ०.०३३... इतकीच आहे. प्रत्येक सत्राची आधीच पूर्णांकित केलेली सरासरी घेऊन त्यांची पुन्हा सरासरी काढण्याची रीतही आढळते. ती हाताने पडताळायला सोपी असली, तरी तिच्यात चूक साचू शकते आणि सत्रांचे श्रेयांक असमान असतील तर भारित न केलेली सरासरी चुकीचीच ठरते. म्हणून मूळ गुणाकारांवरून एकदाच भागाकार करून शेवटी पूर्णांकन करणे अधिक सयुक्तिक दिसते.

दोन परीक्षकांच्या गुणांत बरीच तफावत असल्यास तिसरी तपासणी, सरासरी किंवा अधिक असलेले गुण यांपैकी काय ग्राह्य धरायचे, हे नियम ठिकठिकाणी भिन्न आहेत. काही नियमांत गुण घटल्यास घटलेलेच कायम राहतात; तेव्हा ६० गुणांच्या काठावरचा विद्यार्थी एक गुण गमावूनही पूर्ण श्रेणीबिंदू गमावतो.